साडूंचा आयपीस आणि डॉलरचा गुणाकार

प्रश्न: अमेरिकन साइटवर ८९ डॉलरची वस्तू आहे. गूगलवर रुपये करून बघितले तर इथल्यापेक्षा खूपच स्वस्त दिसते. नागपूरला घरपोच नक्की कितीला पडेल? काही सोपा हिशोब आहे का?

गूगल दाखवतं तो नुसता गुणाकार. त्याच्या भरवशावर ऑर्डर टाकू नका.

मी कस्टम्स क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. दिवसभर लोकांच्या बिल ऑफ एन्ट्र्या, म्हणजे आयात मालाचे कस्टम्सचे अर्ज, भरतो, आणि घरच्या माणसांना माझं याच विषयातलं पटत नाही. २०२३ मध्ये आमच्या साडूंना दुर्बिणीसाठी एक चांगला आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, हवा होता. पुण्यातला दुकानदार एकवीस हजार सांगत होता. साडूंनी जेवणाच्या पानावरच मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकन साइटवर तोच आयपीस १२० डॉलर. "त्र्याऐंशीनं गुणा. दहा हजारसुद्धा होत नाहीत. हे इथले दुकानदार लुटतात नुसते!" मी म्हटलं, अहो, हा वीसच्या खाली येणार नाही. त्यावर उत्तर मिळालं, "तुम्ही कंटेनरवाले. एका डबीला कोण विचारतंय?"

त्या डबीचा हिशोब मी त्याच रात्री कागदावर मांडून दिला होता. तोच इथे देतो, सोयीसाठी आकडे गोल करून.

आधी कार्डावर काय जातं ते बघा. वस्तू १२० डॉलर, विमान कुरिअरचे ३६, एकूण १५६. डॉलर ८३ धरला तर १२,९४८ रुपये. पण बँक परकीय चलनाचा मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. म्हणजे स्टेटमेंटवर साधारण १३,४८० उमटतात. पैसे भरताना साइट विचारते, 'रुपयात भरायचे का?' तिथे नाही म्हणा. तो दर साइटच्या बाजूनं ठरतो आणि बहुतेक वेळा बँकेपेक्षा महाग असतो.

मग कस्टम्स. इथे माणसं दोन ठिकाणी चुकतात. पहिलं म्हणजे ड्यूटी निव्वळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. त्यात भाडं आणि विमा मिळवून जी किंमत होते तिच्यावर लागते. विमानानं माल आला तर भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरायचं असा नियम आहे, म्हणून ३६ ऐवजी २४ डॉलर धरले. विम्याचा आकडा कुठे दिलेला नसेल तर १.१२५ टक्के धरतात, म्हणजे १.३५ डॉलर. झाले १४५.३५. दुसरं म्हणजे डॉलरचा दर. कस्टम्स गूगलचा दर घेत नाही. आयातीसाठी वेगळा दर महिन्यातून दोनदा जाहीर होतो आणि तो बाजारापेक्षा थोडा चढाच असतो. आपण ८४ धरू. करपात्र किंमत आली १२,२०९ रुपये.

आता टक्के. वैयक्तिक वापरासाठी टपालानं किंवा विमानानं येणाऱ्या वस्तूंना कस्टम्सच्या दरपत्रकात वेगळं शीर्षक आहे, ९८०४. त्या वेळी त्यावर मूळ ड्यूटी ३५ टक्के होती. तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी साडेतीन. आणि मग आयातीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, २८ टक्के. हा आयजीएसटी १०० वर नाही, १३८.५० वर लागतो. कर भरलेल्या रकमेवर पुन्हा कर. म्हणून ३५ आणि २८ ची बेरीज करून ६३ म्हणणारा माणूस फसतो. खरा आकडा ७७.२८ टक्के येतो. १२,२०९ वर ९,४३५ रुपये ड्यूटी.

कुरिअर कंपनी ही ड्यूटी आधी स्वतः भरते आणि त्याचा मोबदला तुमच्याकडून घेते. त्यावरही जीएसटी. साडूंना सव्वाआठशे लागले. सगळं मिळून २३,७४० च्या आसपास. पुण्यातला एकवीस हजारांचा, शिवाय वॉरंटी दुकानातच.

कागद बघून साडू काय म्हणाले? "विकणाऱ्याला गिफ्ट लिहायला सांगतो." हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. पूर्वी पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना माफी होती. डिसेंबर २०१९ पासून ती गेली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच सोडली आहेत. मग म्हणाले, बिलावर वीस डॉलर लिहून घेतो. तेही केलं. माल मुंबईत अडकला आणि कुरिअरकडून मेल आला, पैसे भरल्याचा पुरावा पाठवा. अधिकारी तीच साइट उघडून किंमत बघतो, त्याला काही दिव्यदृष्टी लागत नाही. कार्डाचं स्टेटमेंट द्यावं लागलं आणि किंमत १२० च धरली गेली. दंड झाला नाही हे नशीब.

शेवटी बिल ऑफ एन्ट्री माझ्याकडेच वाचायला आली. करपात्र किंमत, ड्यूटी, अधिभार, आयजीएसटी, चारही रकाने माझ्या कागदाशी जुळले, फरक काही रुपयांचा. साडू आजही सांगतात की कुरिअरवाल्यानं लुटलं. कुरिअरवाल्यानं सव्वाआठशे घेतले हो, साडेनऊ हजार सरकारनं घेतले.

तुमच्या ८९ डॉलरच्या वस्तूला हीच पद्धत लावा, फक्त टक्के आजचे घाला. वरचे टक्के २०२३ चे आहेत. मधल्या काळात ते बरेच उतरले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचा २८ टक्क्यांचा टप्पा बहुतेक वस्तूंसाठी गेला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या आयातीवरचा मूळ दर, जो तोवर ३५ वरून २० वर आला होता, तो १० टक्के करण्याची घोषणा झाली. म्हणजे आज साडूंचं गणित इतकं वाईट दिसणार नाही, पण हे त्यांना कळवू नका. आजचा ड्यूटीचा दर आणि चलनाचा दर दोन्ही कस्टम्सच्या आइसगेट या साइटवर बघता येतात.

तुमची वस्तू काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. दारू आणि गाड्या ९८०४ या शीर्षकात बसत नाहीत. वायरलेस वस्तूंना वेगळी परवानगी लागू शकते. विकायला आणणार असाल तर ९८०४ विसरा, मग त्या त्या वस्तूचा दर आणि आयातदाराचा आयईसी क्रमांक लागेल. आणि वस्तू नापसंत पडली म्हणून परत पाठवली तर विकणारा वस्तूचे पैसे देईल, ड्यूटीचे नाही. ते कस्टम्सकडून सोडवून घ्यायची तरतूद आहे, पण एका डबीसाठी त्या कागदपत्रांच्या मागे लागलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

साइट चेकआउटलाच आयातशुल्कासकट रक्कम घेत असेल, म्हणजे डीडीपी, तर एवढं गणित करायची गरज नाही. तो शेवटचा आकडा घ्या, त्यात कार्डाचा मार्कअप मिळवा आणि नागपूरच्या दुकानाशी ताडून बघा. हजार-दीड हजारांचाच फरक असेल तर दुकानातून घ्या.