शेअर चढला, तरी कॉल पडला

*"मी निपाणीजवळचा, ऊस आणि थोडी तंबाखू. एका कंपनीचा रिझल्ट चांगला येणार हे मला माहीत होतं. शेअर 1000 ला असताना आदल्या दिवशी 1000 चा कॉल 33 रुपयांनी घेतला, 500 शेअरचा एक असे आठ लॉट. एक्सपायरीला सात दिवस होते. रिझल्ट चांगला आला, शेअर 1020 झाला, पण कॉल साडेसत्तावीसवर! बावीस हजार गेले. ब्रोकरने गडबड केली का? एक्सपायरीपर्यंत थांबायला हवं होतं का? पुढच्या तिमाहीत कॉल-पुट दोन्ही घ्यावेत असं आमचे कोल्हापूरचे सर म्हणतात. क्लासची फी 18 हजार आणि हे पैसे सोसायटीत पाटल्या ठेवून उचललेत, दीड लाख, एक टक्का महिन्याला. घरी सांगितलेलं नाही."*

ब्रोकरने काही केलेलं नाही. शेअर कुठे जाणार हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण कॉल महाग घेतलात.

कॉल म्हणजे एक्सपायरीपर्यंत ठरलेल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क. शेअर 1000 ला असताना 1000 च्या कॉलमध्ये हातात काहीच नसतं. ते 33 रुपये सगळेच्या सगळे अनिश्चिततेचे. ही अनिश्चितता बाजार किती धरतोय, ते कॉलच्या किमतीवरून, म्हणजे प्रीमियमवरून उलट काढलं की इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही मिळते. तुमच्या 33 रुपयांत ती साधारण 60 टक्के बसते. रिझल्टची तारीख सगळ्यांनाच ठाऊक असते, म्हणून कॉल विकणारा त्या एका रात्रीचे पैसे आधीच लावून घेतो. सकाळी आकडे बाहेर आले की अनिश्चितता संपली. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी झुलीला जो भाव असतो, तो दुसऱ्या दिवशी कोण देतं?

आता तुमचाच हिशेब. 1020 ला कॉलमध्ये 20 रुपये खरेखुरे आले. पण आयव्ही 60 वरून 30 च्या आसपास आली आणि अनिश्चिततेचे 33 होते त्यांचे साडेसात उरले. वीस मिळाले, साडेपंचवीस गेले. आयव्ही 60 वरच राहिली असती, तर तोच कॉल 42 च्या घरात असता. म्हणजे एक दिवस सरल्याचं नुकसान दोन-तीन रुपयांचं, बाकी पंधराएक रुपये आयव्हीनं खाल्ले. त्या सकाळी नुसते 33 परत मिळायलाही शेअर 1028 च्या आसपास हवा होता.

सरांच्या सल्ल्याचाही हाच हिशेब. पुट म्हणजे ठरलेल्या भावानं शेअर विकण्याचा हक्क. 1000 चा पुटही 33 च्याच आसपास असणार, दोन्ही मिळून 66. म्हणजे शेअर कुठल्याही बाजूला साधारण साडेसहा टक्के हलेल, एवढी किंमत बाजारानं आधीच लावलेली. तुमचा हलला दोन टक्के. दोन्ही घेतले असते तर आयव्हीचा मार दोन्हीकडून बसला असता. अठरा हजार घेऊन हे न सांगणाऱ्याला सर कशाला म्हणायचं, मला कळत नाही. एनएसईच्या ऑप्शन चेनमध्ये, म्हणजे कॉल-पुटच्या भावांच्या तक्त्यात, आयव्हीचा रकाना असतो. या महिन्याची आयव्ही पुढच्या महिन्यापेक्षा बरीच वर दिसली, की रिझल्ट प्रीमियममध्ये शिरलाय हे फुकटात कळतं.

थांबण्याचं विचारलंत, तिथे मी जरा दचकलो. शेअर 1020 वरच राहिला असता तर शेवटी 20 च मिळाले असते, तेही कॉल एक्सपायरीआधी विकला असता तर. शेअरवरचे ऑप्शन आता डिलिव्हरीनं सुटतात. पैशात असलेला, म्हणजे शेअर ठरलेल्या भावाच्या वर असताना कॉल शेवटपर्यंत धरला, की 1000 च्या भावानं 4000 शेअर घ्यायचे, म्हणजे 40 लाख! शेवटच्या चार दिवसांत त्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम, म्हणजे मार्जिनही चढत जातं. तुमच्याकडे ते नव्हतं, म्हणून ब्रोकरनं बहुधा आधीच पोझिशन कापली असती, तीही मिळेल त्या भावात. क्लासमध्ये हे शिकवलं होतं का?

आणि न विचारलेली गोष्ट. दीड लाखातले 18 हजार फीत गेले, 1,32,000 प्रीमियममध्ये, त्यातले 1,10,000 परत आले. पुढच्या तिमाहीला हे लावून बावीस हजार भरून काढू, हा विचार मनात असणारच, पत्र त्याच दिशेचं आहे. सेबीच्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी 93 तोट्यात होत्या. त्यातल्या कितीजणांनी दिशा बरोबर ओळखली होती कुणास ठाऊक. शिवाय तुम्ही लावताय ते पैसे महिन्याला दीड हजार व्याजाचे, आणि पाटल्या दुसऱ्याच्या हातातल्या.

रिझल्टचा नाद सोडा. 1,10,000 या आठवड्यातच सोसायटीत भरा. मागे 40 हजार उरतील, व्याज दीड हजारावरून चारशेवर येईल, ते कारखान्याच्या पहिल्या बिलातून फेडा. भरताना मॅनेजरला विचारा, रकमेच्या हिशेबानं काही पाटल्या आत्ताच सोडवून देतात का. त्या घेऊन घरी जाल, तेव्हा सांगावं लागेलच.