काउंटडाउन व्हिडिओ आणि प्रतीक्षायादी

प्रश्न: नवा टेबल लॅम्प आणतोय. लाँचआधी सात दिवस रोज एक छोटा व्हिडिओ टाकून सातव्यात प्रतीक्षायादीची लिंक द्यायची आहे. चालेल का?

उत्तर: लिंक पहिल्या दिवसापासूनच प्रोफाइलवर ठेवा. फीड व्हिडिओ क्रमाने दाखवत नाही. कित्येकांना फक्त तिसराच दिसेल आणि तो आवडला तरी नाव नोंदवायला जागा नसेल. सातव्यात फक्त थेट विचारा, "नाव नोंदवताय ना?"

याच कारणाने व्हिडिओत "पाच दिवस बाकी" म्हणू नका. तो कुणाला तीन दिवसांनी दिसला तर आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी लाँचची तारीख सांगा. उरलेले दिवस मोजायची हौस असेलच तर ती २४ तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरीत भागवा.

प्रत्येक व्हिडिओ एकटा उभा राहायला हवा. उदाहरणार्थ, तिसऱ्यात गुळगुळीत कागदावर दिव्याची चमक पडून अक्षरं दिसत नाहीत, मग लॅम्पची मान वळवली की दिसतात. बस्स, एवढंच.

फॉर्ममध्ये फक्त ईमेल मागा. लिंकवर क्लिक भरपूर पण नोंदणी कमी असेल, तर दोष बहुधा पानात किंवा फॉर्ममध्ये असतो, व्हिडिओत नाही. (सातही व्हिडिओ पुन्हा शूट करण्याआधी हे तपासा!)