R² 0.82 आला, म्हणजे प्रोजेक्ट बरोबर आला का?

प्रश्न: बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा स्टॅटिस्टिक्सचा प्रोजेक्ट आहे. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावातल्या 9 शेतकऱ्यांकडून एकरी रासायनिक खताची पोती आणि एकरी ऊस किती टन निघाला हे विचारून घेतलं. (पोती, टन): (5, 36), (6, 33), (6, 39), (7, 34), (7, 37), (8, 38), (8, 32), (9, 39), (16, 63). शेवटचा ऊस आडसाली आहे, बाकी सगळे खोडवे. एक्सेलमध्ये y = 2.619x + 18.048 आणि R² = 0.8231 आलं. म्हणजे 82 टक्के बरोबर असं लिहायचं का? आणि एक पोतं वाढवलं की अडीच टन ऊस वाढतो असा निष्कर्ष चालेल का?

उत्तर: दोन्ही वाक्यं लिहू नका. तुमचं गणित अचूक आहे, मी हाताने करून ताडून पाहिलं. पण हा 0.82 जवळपास एकट्या शेवटच्या ठिपक्याने आणलाय, आणि तो ठिपका बाकीच्या आठांच्या जातीचाच नाही. मी सांगलीत बी.एस्सी.च्या मुलांना हाच विषय शिकवतो आणि घरी ऊस आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी R² कशाचा भाग आहे ते आकड्यात बघा. तुमच्या नऊ शेतांची सरासरी एकरी 39 टन. प्रत्येक शेत या सरासरीपासून किती लांब आहे ते काढा, वर्ग करा, बेरीज करा: 700 येते. आता सरासरीऐवजी रेषेपासूनचं अंतर घेऊन तेच करा: साधारण 124 उरतात. म्हणजे 700 पैकी 576 रेषेने आपल्याकडे ओढून घेतले, आणि 576 भागिले 700 म्हणजे तुमचा 0.82. शेताशेतांतल्या टनांच्या फरकापैकी 82 टक्के फरक या रेषेशी जुळतो, एवढंच तो सांगतो. अंदाज 82 टक्के वेळा बरोबर येईल, किंवा खतामुळे 82 टक्के ऊस आला, यातलं काहीच त्यात नाही.

आता ते 700 कुठून आले ते पाहा. आडसाली शेताचे 63 टन, सरासरीपासून 24 टन लांब. 24 चा वर्ग 576. म्हणजे 700 पैकी 576 एका शेताचे, उरलेल्या आठ खोडव्यांचे सगळे मिळून 124. (दोन्हीकडे 576 आणि 124 हेच आकडे दिसतात तो योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.) रेषा तर वर्गांची बेरीज कमीत कमी करायला बसलेली असते. इतक्या लांबच्या ठिपक्याजवळून गेल्याशिवाय तिला गत्यंतरच नाही. 16 पोत्यांना तुमची रेषा जवळपास 60 टन सांगते, प्रत्यक्ष 63. तिकडे ती चांगली बसली म्हणून R² वर गेला.

त्याची किंमत खोडव्यांनी मोजलीय. 5 पोत्यांच्या शेताला रेषा 31 टन सांगते, निघाले 36. 9 पोत्यांना जवळपास 42 सांगते, निघाले 39. 8 पोत्यांच्या एका शेतात 39 सांगून 32 निघाले. डावीकडचे ठिपके बहुतेक रेषेच्या वर, उजवीकडचे खाली. रेषा या ठिपक्यांच्या मानाने जास्त उभी आहे याची ही खूण. आलेखावर नुसती नजर टाकली तरी दिसते. तरी रेसिड्युअल प्लॉट काढून रिपोर्टमध्ये लावाच.

आता शेवटची ओळ बाजूला ठेवून पुन्हा काढा. मुद्दाम फॉर्म्युला देतो, कारण चार्टवरचा आकडा कोणत्या ओळींचा आहे हे पुष्कळदा लक्षात राहत नाही. A स्तंभात पोती, B मध्ये टन:

```
=SLOPE(B2:B9,A2:A9)
=INTERCEPT(B2:B9,A2:A9)
=RSQ(B2:B9,A2:A9)
```

कंसात टन आधी, पोती नंतर. RSQ ला उलटसुलट चालतं, पण SLOPE चुकेल. उत्तर येईल y = 0.3333x + 33.667 आणि R² = 0.0256. एका पोत्यामागे अडीच टनांचे झाले टनाचा तिसरा हिस्सा, आणि 82 टक्क्यांचे झाले अडीच टक्के. नऊपैकी एक ओळ काढल्यावर निष्कर्ष एवढा पालटत असेल, तर तो निष्कर्ष त्या एका ओळीचा होता.

ती ओळ चुकीची मात्र नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, खोडवा साधारण वर्षभर. जास्त दिवस उभा म्हणून त्याला खताची शिफारसही जास्त आणि टनही जास्त. पोती आणि टन दोन्ही पिकाच्या मुदतीने वाढवले, आणि मुदतीचा तुमच्या आलेखात स्तंभच नाही. 63 टनांत खताचा वाटा किती आणि मुदतीचा किती, हे एका आडसाली ठिपक्यावरून कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. म्हणून ती ओळ गुपचूप खोडूही नका. दोन्ही रेषा एकाच आलेखावर दाखवा, आडसालीचा ठिपका वेगळ्या रंगात ठेवा आणि वेगळा का धरला ते दोन वाक्यांत लिहा. परीक्षकाला याच पानावर समजेल की तुम्हाला रेषा वाचता येते.

उलट टोकाला जाऊन "खताचा ऊसावर परिणाम होत नाही" असंही लिहू नका. आठच शेतं, तीही 5 ते 9 पोत्यांच्या पट्ट्यातली. एवढ्या अरुंद पट्ट्यात खरा परिणाम असला तरी जमीन, पाणी आणि जात यांच्या फरकाखाली तो दबून जातो. शिवाय ज्याची जमीन हलकी तो बऱ्याचदा मुद्दाम जास्त पोती टाकतो, त्यानेही रेषा आडवी होते. "या आठ खोडव्यांत पोती आणि टन यांचा ठळक सरळ संबंध दिसला नाही" एवढंच तुमच्या माहितीला पेलतं. पहिल्या समीकरणातल्या 18.048 चा अर्थही "बिनखताचा ऊस 18 टन" असा लावू नका. 5 च्या खाली तुमच्याकडे एकही शेत नाही, तिथे रेषा नुसती मागे लांबवलेली आहे.

R² अमुक इतका आला तरच प्रोजेक्ट धरतात असं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. शेतातल्या माहितीला असा ठरलेला आकडा नसतो.

जमा करायला अजून आठवडा-दोन आठवडे असतील तर गावातले निदान सात-आठ आडसाली गाठा. त्यातही कमी पोती टाकणारे आणि जास्त टाकणारे असे दोन्ही बघा, आणि टन विचारताना कारखान्याची पावती मागा, तोंडी आकडा बहुतेक वेळा गोल करून सांगतात. मग आडसालीची रेषा वेगळी आणि खोडव्याची वेगळी काढून दोन्ही स्लोप शेजारी ठेवा. दोघांत स्लोप ठळक निघाला तर खताबद्दल काही बोलता येईल. दोन्ही रेषा आडव्याच राहिल्या, नुसती एक वर आणि एक खाली, तर तुमचे अडीच टन बहुतांशी मुदतीचे होते.