रद्द झालेल्या कामाचे पैसे: ८० हजार की ७० हजार अधिक किल फी?

प्रश्न: मी जळगावात फ्रीलान्स पॅकेजिंग डिझाइन करते. रावेरकडचा एक नवा केळी वेफर्सवाला दोन पर्याय देतोय. ८० हजार, २० टक्के आगाऊ, काम थांबलं तर पुढचं काही नाही. किंवा ७० हजार, ३० टक्के आगाऊ आणि किल फीचं कलम, म्हणजे काम मध्येच थांबलं तर झालेल्या कामाचे पैसे आणि वर उरलेल्या रकमेच्या २५ टक्के भरपाई. कोणता घेऊ?

उत्तर: दुसरा घ्या, पण हप्ते बदलून.

कामाचे टप्पे असे धरू: कल्पना २५ टक्के, पक्कं डिझाइन २५, सगळी पाकिटं ३०, छपाईच्या फाइल्स २०. ग्राहक दुसऱ्या टप्प्यानंतर थांबला, तर पहिल्या पर्यायात तुमच्या हाती १६,००० रुपये. दुसऱ्यात झालेल्या कामाचे ३५,००० आणि उरलेल्या ३५,००० वर २५ टक्के किल फी ८,७५०, म्हणजे ४३,७५०. फायदा २७,७५०. काम पूर्ण झालं, तर मात्र तुम्ही १०,००० सोडलेत. चारातलं साधारण एक काम असं अडकत असेल, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. ग्राहक जुना असता तर मी ८० हजारच म्हटलं असतं. नव्या माणसाबाबत चारात एक ही भीती अवाजवी नाही.

खरी अडचण वेगळी आहे. त्या ४३,७५० पैकी आगाऊ मिळालेत २१,०००; बाकीचे २२,७५० वसूल करायला रावेरच्या फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतील. म्हणून हप्ते असे मागा: सहीवेळी २१,०००, दुसऱ्या टप्प्याआधी २४,५००, तिसऱ्याआधी १४,०००, फाइल्स देण्याआधी १०,५००. आता दुसऱ्या टप्प्यानंतर तो थांबला, तर तुमच्याकडे ४५,५०० असतील. उलट १,७५० तुम्हीच परत कराल. पहिल्याच टप्प्यानंतर सोडलं, तर ९,६२५ मागावे लागतील, तेवढी जोखीम उरतेच.

कलमात उरलेली पूर्ण रक्कम भरपाई म्हणून लिहू नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देतं. लिहिलेला आकडा फक्त कमाल मर्यादा ठरतो. २५ टक्के का, हेही एका ओळीत नोंदवा: या कामासाठी राखलेल्या तारखा दुसऱ्याला देता आल्या नाहीत.

बहुतेक ग्राहक ‘रद्द’ म्हणतच नाहीत. ‘भाऊ बाहेरगावी गेलेत’, मग फोनच बंद. म्हणून लिहा: २१ दिवस उत्तर नाही, त्यानंतर लेखी स्मरणपत्र, आणि पुढच्या ७ दिवसांत काही कळवलं नाही, तर काम त्या तारखेला रद्द धरलं जाईल. ही ओळ नसेल, तर किल फी कधी देय झाली यावरच वाद घालत बसाल.

आणखी एक ओळ: देय रक्कम पूर्ण मिळेपर्यंत डिझाइनचे हक्क तुमच्याकडेच. तोवर फक्त कमी रिझोल्यूशनचे, वॉटरमार्क असलेले नमुने पाठवा. छापण्याजोगी फाइल आधीच गेली, तर पाकिटं बाजारात दिसतील आणि फोन तरीही लागणार नाही.