शब्दशोधातील तिरपे आणि उलटे शब्द: सुरुवात मधल्या अक्षरापासून

प्रश्न: ताई, आमच्या गावच्या वाचनालयात पुरवणीतले शब्दशोध आम्ही सोडवतो. आडवे-उभे शब्द लगेच मिळतात, पण तिरपे आणि उलटे अर्धा तास शोधूनही दिसत नाहीत. नजर कुठून सुरू करावी? (दारव्हा तालुका)

उत्तर: पहिल्या अक्षरापासून शोधू नका. शब्दाच्या मधले, चौकटीत कमीत कमी वेळा आलेले अक्षर निवडा. शब्द आठ दिशांनी लपवलेला असला, तरी एका घरातून जाणाऱ्या सरळ रेषा चारच असतात आणि मधल्या अक्षरावरून सुलटा व उलटा शब्द एकाच तपासणीत कळतो. समजा, पुढील तुकड्यात ‘यवतमाळ’ शोधायचे आहे.

```
ग  ळ  र  क  व  न
त  र  मा  य  ळ  ती
व  य  क  त  र  ग
र  मा  न  क  व  ळ
न  त  र  व  ती  य
```

येथे ‘य’ आणि ‘ळ’ तीन-तीनदा आहेत, ‘मा’ मात्र दोनदाच. ‘मा’च्या एका बाजूला ‘त’ आणि बरोबर समोरच्या बाजूला ‘ळ’ हवा. चौथ्या ओळीतल्या ‘मा’च्या खाली ‘त’ आहे, परंतु वर ‘य’ असल्यामुळे तो सोडून द्यावा. दुसऱ्या ओळीतल्या ‘मा’च्या डावीकडे वर ‘ळ’ आणि उजवीकडे खाली ‘त’ आहे. ही जोडी समोरासमोर असल्याने त्याच रेषेत पुढे गेले की ‘व’ आणि ‘य’ मिळतात. शब्द तिरपा आहे आणि खालून वर, म्हणजे उलटाही आहे. नुसता ‘त’ शेजारी दिसला म्हणून पुढे जाणे हीच नेहमीची चूक, कारण दाट चौकटीत असे अर्धवट शेजारी जागोजागी सापडतात. समोरचे घर पाहिल्याशिवाय रेघ ओढू नये.

‘नगर’सारख्या, सगळी अक्षरे सामान्य असलेल्या शब्दाला ही युक्ती फारशी उपयोगी पडत नाही. तेव्हा कागद पाव वळण नव्हे, त्याच्या निम्मा फिरवा, म्हणजे तिरप्या रेषा आडव्या होतात, आणि पट्टीची कड एकेका रेषेखाली सरकवत वाचा. अक्षरे कलती दिसतात, पण थोड्या सवयीने ते खटकत नाही. कोपऱ्यांकडच्या आखूड रेषा आधीच वगळाव्यात: बारा बाय बाराच्या चौकटीत एका दिशेच्या 23 तिरप्या रेषा असतात, पण पाच घरांचा शब्द त्यांपैकी 15 रेषांतच मावतो. एका दिशेच्या रेषा संपल्या की कागद दुसऱ्या बाजूला तेवढाच कलवून उरलेल्या 15 पाहाव्यात.

उलटा शब्द डोक्यात फिरवत बसण्यापेक्षा यादीशेजारी लिहून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. मात्र तो घराघराने उलटावा: ‘ळ-मा-त-व-य’. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर आपापल्या घरातच राहतात, म्हणून ‘चंद्रपूर’ उलटताना ‘र-पू-द्र-चं’ असेच लिहावे.