स्किल लॅबमधल्या मुलीच्या तोंडी नेमकं कोणतं वाक्य द्यावं?

प्रश्न: नर्सिंगच्या स्किल लॅबमध्ये कधीच न बोलणारी विद्यार्थिनी शेवटी मॅडमसमोर तोंड उघडते, अशी छोटी गोष्ट लिहायची आहे. कोणता प्रसंग घेतला तर नर्सेसनाही खरा वाटेल?

उत्तर: स्त्रीच्या डमीवर लघवीची नळी, म्हणजे फोलीज कॅथेटर, घालण्याचं प्रात्यक्षिक घ्या. यातली चूक क्षणात होते आणि मागे काहीच खूण ठेवत नाही. डमीला जंतुसंसर्ग होत नाही, ताप येत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याने बोलून दाखवली तरच ती चूक कळते. गोष्टीचा सगळा ताण इथे आहे.

मॅडम निर्जंतुक हातमोजे घालतात आणि डाव्या हाताने योनिओष्ठ बाजूला धरतात. त्या क्षणापासून डावा हात निर्जंतुक राहत नाही, आणि तो तिथून हलवायचाही नाही. उजव्या हातात चिमटा घेऊन बोळ्याने वरून खाली पुसायचं, दर वेळी नवा बोळा. मग उजव्याच हाताने नळी उचलायची. मॅडम मागे वळून मुलींना समजावत असताना नळीचं टोक लोंबतं आणि त्या नकळत डाव्या बोटांनी ते सावरतात. अनुभवी हातांकडूनही हे होतं, कारण लक्ष शिकवण्यात असतं. बाकीच्या मुली मॅडमच्या पाठीमागे उभ्या आहेत. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला मात्र ते समोर दिसतं.

तिला विषय येत नाही असं दाखवू नका. आधीच्या एका प्रसंगात तिचे हात बिनचूक चालू देत, पण प्रत्येक पायरी मोठ्याने सांगायची असताना ती गप्प राहते आणि तिथे गुण जातात.

तिचं वाक्य छोटं असावं. "मॅडम, तुम्ही चुकलात" असं ती म्हणणार नाही. ती जे दिसलं तेवढंच सांगेल:

"मॅडम, डावा हात नळीला लागला."

"कुठे?"

"टोकाजवळ."

यावर मॅडमनी लगेच शाबासकी देऊ नये, आधी थांबावं. ती नळी बाद. नवी नळी घ्यायला डावा हात सोडला की ओष्ठ मिटतात आणि पुसलेली जागा पुन्हा दूषित होते, म्हणजे हातमोजे, बोळे, नळी, सगळं नव्याने. तास संपत आलाय, मुली चुळबुळतायत. बोलण्याची ही किंमत दाखवली नाहीत तर तिची भीती वाचकाला पटणार नाही.

दुसऱ्या खेपेला मॅडम तिलाच हातमोजे घालायला लावतात. डमीत पाणी भरलेलं असेल तर नळीतून ते येताना दिसतं. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाजवळ एक फुगा असतो, आणि नवशिक्या मुली इथेच घाईने तो फुगवतात. फुगा अजून मूत्रमार्गात असेल तर खऱ्या रुग्णाला असह्य दुखतं, रक्त येतं. म्हणून नळी आणखी सुमारे 5 सेंमी आत सरकवायची आणि मगच फुग्यात निर्जंतुक पाणी भरायचं, बहुधा 10 मिली. फुग्याची क्षमता नळीवर छापलेली असते, ती आधी वाचायची. ही पायरी तिने कुणी न विचारता, मोठ्याने सांगावी आणि तिथेच गोष्ट थांबवा. टाळ्या नकोत.