व्हॅलिडेशन लॉस वाढतोय, पण अचूकता तेवढीच: मॉडेल बिघडलं का?

प्रश्न: बर्ट फाइन-ट्यून करतोय. दुसऱ्या इपॉकनंतर ट्रेनिंग लॉस उतरतोय, व्हॅलिडेशन लॉस चढतोय, अचूकता मात्र 90 टक्क्यांवरच. हे ओव्हरफिटिंग आहे का?

उत्तर: हो, पण मॉडेलच्या चुका वाढलेल्या नाहीत. त्याच चुका ते आता जास्त ठामपणे करतंय.

क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस म्हणजे बरोबर उत्तराला दिलेल्या शक्यतेचा ऋण नैसर्गिक लॉगॅरिदम. समजा 100 पैकी 10 वाक्यं चुकतायत. त्यांच्या खऱ्या वर्गाला मॉडेल आधी 0.1 शक्यता देत होतं, तेव्हा दर वाक्याचा लॉस सुमारे 2.3 होता. आता ते 0.001 देतंय, म्हणजे 6.9. चुका दहाच, पण सरासरी लॉसमधला त्यांचा वाटा 0.23 वरून 0.69 वर गेला. ट्रेनिंगची वाक्यं पाठ झाली तरी लॉस आणखी उतरवायला मॉडेल लॉजिट फुगवत राहतं, त्याचा हा परिणाम.

मग कोणता चेकपॉइंट ठेवायचा? नुसतं लेबल हवं असेल तर अचूकता किंवा एफ-1 बघून निवडा. शक्यतेच्या आकड्यावर पुढचे निर्णय होणार असतील, तर व्हॅलिडेशन लॉस सर्वांत कमी होता तोच घ्या. हगिंग फेसच्या ट्रेनरमध्ये:

```
load_best_model_at_end=True,
metric_for_best_model="eval_loss"
```

हे चालायला मूल्यमापन आणि सेव्ह एकाच टप्प्यावर, म्हणजे दर इपॉकला, होऊ द्या.

त्याआधी सर्वांत जास्त लॉसची वीसेक व्हॅलिडेशन वाक्यं डोळ्यांखालून घाला. बऱ्याचदा त्यांतली काही मुळात चुकीच्या लेबलची निघतात, आणि तिथे मॉडेलला दोष देण्यात अर्थ नाही.